जुना फोन पहाऱ्यावर

कपाटात पडून असलेल्या जुन्या स्मार्टफोनमध्ये घराच्या पहाऱ्याला लागणारे बहुतेक सगळे असते: बरी भिंग, माइक, वाय-फाय आणि काही तास पुरणारी स्वतःची बॅटरी. त्यात एक ॲप टाकले आणि तेच ॲप रोजच्या फोनमध्येही घेतले, की जुन्या फोनसमोरचे दृश्य कुठूनही पाहता येते. एवढे काम दहा मिनिटांत होते. त्यापुढचे काम खरे अवघड असते. फोन हे यंत्र माणसाच्या हातात राहण्यासाठी बनवलेले आहे. त्याला आठ-दहा दिवस बंद घरात, अखंड चार्जरवर, कोणी हात न लावता चालू ठेवायचे म्हणजे त्याच्या साऱ्या सवयी मोडाव्या लागतात. कॅमेरा बंद पडतो तो बहुधा यामुळेच, ॲप वाईट निघाले म्हणून क्वचितच.

एक साधी स्थिती धरू. ठाण्यातील एका कुटुंबाला गणपतीसाठी दहा दिवस सिंधुदुर्गातल्या गावी जायचे आहे. फ्लॅट बंद राहील. घरात वाय-फाय आहे आणि सहा वर्षांपूर्वीचा एक अँड्रॉइड फोन आहे. हॉलमधून मुख्य दरवाजा दिसावा आणि कोणी आत आले तर गावी खबर मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

पहिली तपासणी बॅटरीची. फोनचे कव्हर काढून तो काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर पाठीवर ठेवावा आणि एका कोपऱ्याला बोटाने हलका धक्का द्यावा. पाठ मुळात सपाट असलेला फोन भोवऱ्यासारखा फिरू लागला किंवा डुगडुगला, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. पडद्याची कड उचललेली दिसणे, मागचे झाकण सुटू लागणे, ही त्याचीच लक्षणे. असा फोन या कामाला मुळीच घेऊ नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.

बॅटरी ठीक असेल तर फोन कोरा करावा. फोटो आणि संपर्क दुसरीकडे घ्यावेत, सिम आणि मेमरी कार्ड काढावे आणि फॅक्टरी रीसेट करावा. हे केवळ जागा मोकळी करण्यासाठी नसते. उद्या चोर आलाच, तर हाताशी येईल ते उचलताना हा फोनही नेईल. त्यात बँकेचे ॲप, यूपीआय किंवा घरच्यांचे फोटो असता कामा नयेत. त्याच कारणाने या कामासाठी वेगळे गूगल खाते उघडलेले चांगले. रोजचे खाते दिले, तर चोराच्या हाती घरच्यांची सगळी मेल जाते. नव्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, कारण ज्याला ते खाते उघडता येते त्याला घराचा हॉलही दिसतो.

खूप दिवस बंद असलेल्या फोनची एक गंमत इथेच कळते. त्याचे घड्याळ कधीकधी दोन-तीन वर्षे मागचे वार-तारीख दाखवत असते. वाय-फाय जोडलेले दिसते, पण खाते उघडत नाही, ॲप उतरत नाही, सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही असा संदेश येत राहतो. इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीला प्रमाणपत्रे लागतात आणि त्यांना मुदत असते. फोनच्या मते तो दिवस अजून उजाडलेलाच नसतो, म्हणून तो जोडणी नाकारतो. तारीख आणि वेळ नीट लावली की अडचण सुटते.

ॲप दोन जातींची असतात आणि त्यांच्यातला फरक समजून घेणे फायद्याचे आहे. `IP Webcam` हे ॲप पहिल्या जातीचे. त्यात यादीच्या तळाशी असलेले Start server दाबले की फोन स्वतःच एक छोटा सर्व्हर होतो आणि पडद्यावर `http://192.168.1.7:8080` अशासारखा पत्ता दाखवतो. घरातल्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की चित्र दिसते. मध्ये कोणतीही कंपनी नाही, खाते नाही. पण `192.168` ने सुरू होणारा पत्ता घरच्या वाय-फायपुरताच असतो. सिंधुदुर्गातून तो टाकून काही उपयोग नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून ही अडचण दूर करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये. एक तर आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी आत पोहोचत नाही. आणि पोहोचलाच, तर त्या वाटेने फक्त घरचेच येतील याची हमी काय? उघडे पोर्ट शोधत फिरणारी यंत्रणा इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असते. शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाळावर लक्ष ठेवायला हे ॲप उत्तम, तेही आत पासवर्ड लावून. दूरगावाहून पाहायला ते नव्हे.

दुसऱ्या जातीचे उदाहरण `AlfredCamera`. दोन्ही फोनांवर तेच ॲप घ्यायचे, दोन्हीकडे एकाच खात्याने आत शिरायचे, जुन्या फोनला कॅमेरा ठरवायचे आणि रोजच्या फोनला पाहणारा. इथे दोन्ही फोन स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरकडे जातात, म्हणून राउटरमध्ये काही उघडावे लागत नाही. सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो; त्यानंतर शक्य असेल तर चित्र थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जाते, नसेल तर मधल्या सर्व्हरमार्गे. हालचाल टिपली की तेवढी छोटी चित्रफीत कंपनीच्या साठ्यावर चढते आणि रोजच्या फोनवर सूचना येते. या कामात ही गोष्ट कळीची आहे. चित्रफीत जुन्या फोनमध्येच राहिली तर चोर फोनबरोबर पुरावाही घेऊन जाईल. फुकट वापरात जाहिराती येतात आणि चित्र थोडे ढोबळ मिळते, पण दरवाज्यावरच्या नजरेला ते चालते. आपल्या हॉलचे दृश्य परक्या कंपनीच्या यंत्रणेतून जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे आणि कॅमेरा शयनगृहाकडे वळवू नये.

इंटरनेट किती खर्च होते, ही शंका स्वाभाविक आहे. बऱ्यापैकी स्पष्ट चित्राला सेकंदाला साधारण एक मेगाबिट लागते असे धरले, तर तासाला सुमारे ४५० एमबी होतात. कोणी पाहत नसेल आणि हालचालही नसेल तेव्हा अशी ॲप जवळजवळ काही पाठवत नाहीत, त्यामुळे घरच्या वाय-फायवर ताण पडत नाही. खर्च जाणवतो तो गावी, पाहणाऱ्याच्या पॅकवर. रोजचा दीड जीबी डेटा सव्वातीन तासांच्या पाहण्यात संपेल. सूचना आली की उघडून पाहावे, कौतुकाने लावून बसू नये.

आता फोन कुठे ठेवायचा. उंचावर ठेवला म्हणजे सगळे दिसेल असे वाटते, पण दिसणे आणि ओळखू येणे यांत फरक आहे. फोनचा कॅमेरा आडवा धरला तर समोरचा साधारण ६५ अंशांचा पट्टा टिपतो. तीन मीटर अंतरावर हा पट्टा सुमारे पावणेचार मीटर रुंद होतो. चित्र १२८० ठिपके रुंद असेल, तर सोळा सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्याच्या वाट्याला पन्नासेक ठिपके येतात. एवढ्यात ओळखीचा माणूस ओळखता येतो आणि अनोळखी माणसाचे वर्णनही सांगता येते. सहा मीटरवर तेच पंचवीस होतात आणि चेहऱ्याचा नुसता डाग उरतो. म्हणून दरवाज्यापासून तीन, फार तर चार मीटरवर, माणसाच्या डोक्याच्या किंचित वर आणि आत येणारा समोरून दिसेल असा फोन ठेवावा. अगदी छताजवळ ठेवला तर टोपी आणि केस तेवढे दिसतात. चित्राची प्रत कमी ठेवली असेल तर अंतरही त्याच हिशेबाने घटवावे.

खिडकी कॅमेऱ्याच्या समोर येऊ देऊ नये. दुपारच्या उजेडात कॅमेरा खिडकीकडे बघून चित्र सांभाळतो आणि माणूस काळ्या सावलीसारखा उमटतो. काचेआडून बाहेरचा व्हरांडा पाहण्याचा बेतही रात्री फसतो, कारण आत दिवा असला की काचेत हॉलच दिसतो. अंधाराचे तर फोनला वावडेच आहे. बाजारातल्या कॅमेऱ्यांभोवती अवरक्त दिव्यांची कडी असते आणि त्यांचा सेन्सर तो प्रकाश टिपतो. फोनमध्ये तसे दिवे नसतात आणि अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी मात्र असते. ॲपमधला रात्रीचा पर्याय आहे तेच चित्र उजळ करतो, नसलेला उजेड आणत नाही. दरवाज्याजवळ तीन-चार वॅटचा एलईडी दिवा दहा दिवस तेवत ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. घरात कोणी असल्याचा भास होतो, हा वरचा लाभ.

हालचाल ओळखण्याची साधी रीत म्हणजे लागोपाठच्या चित्रांची तुलना. ठिपक्यांचा पुरेसा मोठा गट बदलला, की सूचना. त्यामुळे माणूस आणि हलणारा पडदा यांत तिला फरक कळत नाही. खिडकीतून सरकणारे ऊन, उघड्या फटीतून हलणारे कॅलेंडर, दिव्याभोवती फिरणारे किडे, सगळ्यांची खबर येते. भिंगाजवळून गेलेली पाल तर अख्खे चित्र व्यापते. आणि दर अर्ध्या तासाला खोटी सूचना येऊ लागली की तिसऱ्या दिवशी माणूस सूचना बघणेच सोडतो, हा सगळ्यात मोठा धोका. निघण्यापूर्वी पडदे बांधून ठेवावेत, कॅलेंडर उतरवावे, तोरणाचे लुकलुकते दिवे बंद करावेत. ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भागच तपासण्याची सोय असेल तर फक्त दरवाज्याची चौकट निवडावी आणि संवेदनशीलता मध्यम ठेवावी. ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर त्याचे कारण वेगळे आहे: आपली वीज ५० हर्ट्झची असते आणि कॅमेरा ६० वर लावलेला असतो. सेटिंगमध्ये ५० निवडले की पट्टे जातात.

इथवर आल्यावर काम झाले असे वाटते. अँड्रॉइडला मात्र बॅटरी वाचवायची सवय लावलेली असते. बराच वेळ कोणी हात लावला नाही असे दिसले, की फोन मागे चाललेली ॲप झोपवतो. काही कंपन्यांचे फोन यात फारच उत्साही असतात. शिवाय अँड्रॉइड ९ पासून मागे गेलेल्या ॲपला कॅमेरा वापरूच दिला जात नाही. म्हणून कॅमेऱ्याचे ॲप पडद्यावर समोर ठेवावे आणि पॉवरचे बटण दाबून पडदा बंद करण्याऐवजी ॲपमधलाच अंधारा पडदा निवडावा. सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीचे बंधन काढावे, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्यावी, बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. फोनचे आणि ॲपचे आपोआप होणारे अपडेटही तेवढे दिवस थांबवावेत, नाहीतर फोन मध्यरात्री अपडेट घेऊन नव्याने सुरू होतो आणि कुलूप उघडण्याची वाट पाहत बसतो. पडद्याला पासवर्ड असेल तर नव्याने सुरू झालेल्या फोनमध्ये तो टाकेपर्यंत बहुतेक ॲप चालतच नाहीत. पासवर्ड ठेवला तर फोन चोरीला गेल्यावर सुरक्षितता, काढला तर सुरळीत सुरुवात. फोन कोरा आणि खाते वेगळे असेल, तर पासवर्ड काढण्याचा धोका पत्करता येतो.

विजेचा हिशेब मात्र बारकाईने करावा. कॅमेरा आणि वाय-फाय चालू असलेला फोन दोन-तीन वॅट खातो. महिन्याला फार तर दोन युनिट. खर्चाची काळजी नाही, काळजी उष्णतेची. लिथियम बॅटरीला सर्वांत जाचक दोनच गोष्टी: पूर्ण भरलेल्या स्थितीत तिष्ठत राहणे आणि गरम राहणे. चोवीस तास चार्जरवर असलेल्या कॅमेऱ्याच्या फोनला दोन्ही एकदम भोगावे लागतात आणि बॅटरी फुगते ती यानेच. फोनमध्ये चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती लावावी. नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा टायमरचा प्लग आणून चार्जर ठरावीक वेळीच चालू राहील असे करावे. तास चालू, तास बंद, अशी सुरुवात करून दिवसभर टक्केवारी पाहावी. घसरत चालली तर चालू वेळ वाढवावी, शंभरला चिकटून राहिली तर कमी करावी. झटपट चार्जर नको, जुना एक-दोन अँपिअरचा चांगल्या कंपनीचा पुरेसा. फोनचे कव्हर काढलेले असावे आणि तो फरशी, काच किंवा लोखंडी स्टँडवर असावा. पुस्तकांच्या ओळीत, पडद्यालगत, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नये. दोन तासांनी पाठीला हात लावून पाहावा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतका तापत असेल तर चित्राची प्रत उतरवावी किंवा बेतच सोडावा.

वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे कोणी टाळू शकत नाही. फोनला स्वतःची बॅटरी आहे. ३००० एमएएचची बॅटरी शाबूत असेल तर चार-पाच तास, अर्धी झिजलेली असेल तर दोन. पण राउटर त्याच क्षणी बंद होतो आणि चालू असलेला कॅमेरा कोणाला काही सांगू शकत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस ही उणीव काही तास भरून काढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर जोडावा. त्याहून वाईट प्रसंग लांबलेल्या भारनियमनाचा. फोनची बॅटरी पार उतरली आणि मग वीज आली, तर बहुतेक फोन चार्ज होऊ लागतात पण स्वतःहून सुरू होत नाहीत. पडद्यावर बॅटरीचे चित्र भरत राहते आणि कॅमेरा मेलेला असतो. त्यावर एकच भरवशाचा उपाय आहे: किल्ली असलेला शेजारी, ज्याला बटण दाबून ॲप कसे उघडायचे ते एकदा दाखवून ठेवले आहे.

निघण्याआधी निदान दोन दिवस सगळे चालवून पाहावे. पारख घरात बसून होत नाही. दोन्ही फोन एकाच वाय-फायवर असले की चित्र सुरेख येते आणि खोटा भरवसा बसतो. रोजच्या फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर, इमारतीबाहेर जाऊन चित्र उघडावे. दुसऱ्या कोणाला दार उघडून आत यायला सांगावे आणि सूचना किती वेळात आली ते पाहावे. चित्र अडखळत असेल, तर जुन्या फोनच्या जागी वाय-फाय क्षीण आहे का ते बघावे. राउटर ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे देत असेल तर २.४ निवडावा, तो भिंतीतून अधिक दूर जातो. मग मेन स्विच दहा मिनिटे बंद करून परत चालू करावा आणि चित्र आपोआप येते का ते तपासावे. या शेवटच्या चाचणीत पुष्कळ कॅमेरे नापास होतात. गावी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकदा चित्र उघडावे. सूचना येत नाहीत याचा अर्थ घरी काही घडले नाही, असाच असतो असे नाही.

कॅमेरा आपल्या दाराआतच बघेल अशी काळजी घ्यावी. समोरच्या बिऱ्हाडाचे दार टिपले जात असेल तर फोन वळवावा. घरात कामाला येणाऱ्या बाईंना किंवा पाहुण्यांना कॅमेरा आहे हे आधी सांगावे. एखाद्या व्यक्तीच्या खासगी अंगाचे चित्र तिच्या संमतीवाचून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि चित्र जुन्या फोनने घेतले म्हणून त्यात सूट मिळत नाही.

सूचना आली आणि चित्रात खरोखरच अनोळखी माणूस दिसला, तर आधी ११२ ला फोन करावा. परगावाहून बोलताना तो दुसऱ्या जिल्ह्याच्या कक्षात लागू शकतो, म्हणून घराचा पूर्ण पत्ता लगेच सांगावा. आपल्या पोलीस ठाण्याचा आणि सोसायटीच्या चौकीचा क्रमांकही फोनमध्ये साठवलेला असावा.

पहारा दाराबाहेर हवा असेल, पावसात हवा असेल, अंधारात किंवा वर्षभर हवा असेल, तर हा उद्योग करू नये. घरातला अवरक्त दिव्यांचा, बॅटरी नसलेला वाय-फाय कॅमेरा दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि वीज आली की स्वतःहून सुरू होतो. जुन्या फोनला नवी बॅटरी, टायमर, स्टँड घेता घेता खर्च त्या आकड्याकडे सरकू लागला, तर तो कॅमेराच घ्यावा. बॅटरी धडधाकट असेल आणि प्रश्न आठ-दहा दिवसांचा असेल, तर कपाटातला फोन पुरेसा आहे.